आधी उघडून बघायचं, मग पुसायचं

आमचं काम टेरी टॉवेलच्या जकार्ड डिझाइनचं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले आणि पेठांमधले काही कारखानदार आमच्याकडून डिझाइन करून घेतात. ऑफिसात दोन कॉम्प्युटर आहेत, कामाला मी, माझा भाचा आणि एक ऑपरेटर. पूर्वी डिझाइन म्हणजे पंच केलेल्या कार्डांची माळ असायची, ती खुंटीला टांगलेली डोळ्यांना दिसायची. आता डिझाइन म्हणजे एक फाइल. गेली की गेली, आणि गेलेली लगेच कळतही नाही. पार्टी दोन वर्षांनी रिपीट ऑर्डर घेऊन येते तेव्हा कळतं.

म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी एकटी ऑफिसात बसते आणि तीन कामं एका ठरलेल्या क्रमाने करते. आधी बॅकअप, मग पासवर्ड, आणि सगळ्यात शेवटी जुन्या फाइल्स पुसणं. हा क्रम मी कधीच मोडत नाही. जागा कमी पडली की माणूस आधी पुसायला लागतो, आणि बॅकअप घेईपर्यंत जे गेलं ते गेलेलंच राहतं. उलट बॅकअप घेऊन, तो उघडून बघून मग पुसलं, तर चुकीची फाइल उडाली तरी ती कुठे तरी शिल्लक असते.

बॅकअपसाठी दोन पोर्टेबल हार्डडिस्क आहेत. एक या महिन्याला, दुसरी पुढच्या महिन्याला. जिची पाळी नसते ती जुळे सोलापुरात बहिणीच्या कपाटात असते. सूत आणि कापड असलेल्या इमारतीत आगीची धास्ती कायमच असते, त्यामुळे सगळ्या प्रती एका छपराखाली ठेवणं मला पटत नाही. आणखी एक कारण आहे. खंडणी मागणारा व्हायरस शिरला तर तो कॉम्प्युटरला जोडलेल्या डिस्कवरच्या फाइल्सही कुलूपबंद करतो. काढून ठेवलेल्या डिस्कला तो हात लावू शकत नाही. काम झालं की डिस्क काढायची, एवढी एक गोष्ट मी भाच्यालाही पक्की सांगून ठेवली आहे.

‘सगळं ड्राइव्हवर सिंक होतं की, मग डिस्क कशाला?’ हे मला बरेच जण विचारतात. सिंक म्हणजे इकडे जे होईल तेच तिकडे होणं. इथे फाइल पुसली की तिकडचीही पुसली जाते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते, मग कायमची जाते. जी फाइल गेल्याचं मला दोन वर्षांनी कळणार आहे, तिला ३० दिवसांचा काय उपयोग? सिंक आम्हीही वापरतो, पण रोजच्या सोयीसाठी. त्याला मी बॅकअप म्हणत नाही.

डिस्क जोडल्यावर मी लगेच कॉपी करत नाही. आधी विंडोजच्या रोबोकॉपीला नुसती यादी करायला सांगते.

```
robocopy D:\Designs F:\Designs /E /L /UNILOG:D:\yadi.txt
```

यातलं D म्हणजे कॉम्प्युटर आणि F म्हणजे जोडलेली डिस्क. `/L` मुळे एकही फाइल हलत नाही. काय होणार आहे, तेवढंच लिहून मिळतं. `/E` म्हणजे आतले सगळे फोल्डर, रिकामे असले तरी. लॉग `/UNILOG` ने घेते, कारण आमच्या काही फोल्डरांची नावं मराठीत आहेत आणि साध्या लॉगमध्ये त्यांची प्रश्नचिन्हं होतात. बऱ्याच ठिकाणी `/MIR` वापरायला सांगतात. मी ते टाळते. त्याने मूळ जागी नसलेली फाइल बॅकअपमधूनही काढून टाकली जाते, आणि मला बॅकअप हवा असतो तो नेमका अशाच फाइलसाठी.

आता ही यादी वाचायची. माझ्या मते सगळ्या सकाळीत खरं काम हेच, बाकी सगळं यंत्र करतं. `New File` म्हणजे ही डिस्क मागे जोडली त्यानंतर तयार झालेली, डिस्कवर अजून नसलेली फाइल. `Newer` म्हणजे डिस्कवर आहे, पण इथे नंतर बदलली. तेवढ्या काळात साधारण किती डिझाइनं झाली आणि किती जुन्यांना हात लागला, याचा मला अंदाज असतो. यादीत `Newer` त्या अंदाजाच्या आसपास असले की ठीक. वीसच्या जागी दोन हजार दिसले, तर मी कॉपी करणार नाही, डिस्क काढून घेईन आणि आधी कारण शोधेन. कुणी तरी सगळ्या फाइल्स बदलल्याशिवाय असं होत नाही, आणि तो बदलणारा व्हायरसही असू शकतो.

यादीतली तिसरी खूण `*EXTRA File`. ही फाइल डिस्कवर आहे, पण कॉम्प्युटरवर आता नाही, म्हणजे या डिस्कवरच्या गेल्या बॅकअपनंतर कुणी तरी ती पुसली, हलवली किंवा तिचं नाव बदललं. यातल्या प्रत्येक ओळीचं उत्तर मला मिळालंच पाहिजे, असा माझा दंडक आहे.

मार्चअखेरच्या गडबडीनंतरच्या यादीत या दोन ओळी होत्या. हॉटेलच्या ऑर्डरचा एक फोल्डर. त्यात `hotel_patti_07.bmp` ही `*EXTRA File`, आणि तिच्याच शेजारी `hotel_patti_07.jpg` ही `New File`. नाव तेच, शेपूट वेगळं.

हे वाचून मी हातातलं काम थांबवलं, त्यामागचं कारण जरा सविस्तर सांगायला हवं. जकार्डच्या डिझाइन फाइलमध्ये रंग हे दिसण्यासाठी नसतात. टॉवेलच्या डिझाइनमध्ये आम्ही लाल म्हणजे लूप वरच्या बाजूला, पांढरा म्हणजे लूप खालच्या बाजूला, निळा म्हणजे किनारपट्टीची सपाट वीण, अशी खूणगाठ ठरवतो. एका डिझाइनमध्ये असे जेमतेम सहा रंग असतात आणि प्रत्येक रंगाला एक वीण नेमलेली असते. बीएमपी फाइलमध्ये प्रत्येक ठिपका जसाच्या तसा साठवला जातो. जेपीजी मात्र जागा वाचवायला शेजारशेजारच्या ठिपक्यांचे रंग एकमेकांत मिसळून टाकते. डोळ्याला फरक दिसत नाही. पण लाल आणि पांढऱ्याच्या सीमेवर गुलाबीच्या शेकडो छटा तयार होतात, आणि त्या छटांना कुठलीच वीण नेमलेली नसते. असं डिझाइन मागावर चालत नाही. जेपीजी पुन्हा बीएमपी म्हणून सेव्ह केली तरी मूळ ठिपके परत येत नाहीत. मग मोठं करून एकेक कडा हाताने साफ करायची, म्हणजे जवळजवळ नव्याने डिझाइन करण्याइतकंच काम.

सोमवारी ऑपरेटरला विचारलं. “ताई, पार्टीला व्हॉट्सअॅपवर दाखवायला जेपीजी केली होती. चित्र तेच आहे, आणि ही लहान आहे, म्हणून मोठी काढून टाकली. डिस्क भरत आली म्हणून तुम्हीच बोलला होता की.” त्याच्या बाजूने बरोबरच होतं. जेपीजी चारशे केबीची, बीएमपी तीन एमबीच्या वर, आणि स्क्रीनवर दोन्ही सारख्याच. मी दोन्ही फाइल्स उघडून किती रंग आहेत ते त्याला मोजून दाखवलं. एकीत सहा आणि दुसरीत हजारांत. तेव्हापासून पार्टीला दाखवायच्या जेपीजींसाठी वेगळा फोल्डर आहे आणि डिझाइनच्या फोल्डरमधून काही पुसायचं असेल तर ते फक्त महिन्याच्या या बैठकीत पुसायचं, असं ठरलं.

मूळ फाइल डिस्कवरून परत आणली. आणताना एक तपासणी केली. आमच्या प्रकारच्या बीएमपीला ती चपखल बसते, म्हणून सांगते. हे डिझाइन १३४४ हूक रुंद आणि २४०० पिक लांब आहे, म्हणजे आडवे-उभे तेवढे ठिपके. आठ बिटच्या बीएमपीमध्ये एका ठिपक्याला एक बाइट लागतो. १३४४ गुणिले २४०० म्हणजे ३२,२५,६०० बाइट, त्यात सुरुवातीच्या माहितीचे आणि रंगतक्त्याचे १०७८ मिळवले की ३२,२६,६७८. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये हाच आकडा यायला हवा. आत फुलं असोत की नुसती पट्टी, या मापाच्या प्रत्येक डिझाइनचा आकडा हाच. एखादी फाइल यापेक्षा लहान दिसली, तर कॉपी होताना वीज गेली किंवा केबल हलली, असं समजायचं.

पण आकडा जुळला म्हणून आतलं सगळं धड आहे, असं होत नाही. रोबोकॉपी स्वतःही फाइलचा आकार आणि वेळ एवढंच बघते. दोन्ही जुळलं की ‘आहे’ म्हणून पुढे जाते. डिस्कच्या एखाद्या खराब झालेल्या भागावर बसलेली फाइल तिला चांगलीच वाटणार. म्हणून कॉपी झाल्यावर मी डिस्कवरच्या चार-पाच फाइल्स, डिस्कवरूनच, डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते. एक नवी, एक खूप जुनी, बाकी हाताला येतील त्या. जुनी मुद्दाम घेते, कारण तिला वर्षभर कुणी उघडलेलं नसतं. मोठ्या आणि महत्त्वाच्या फाइलसाठी दोन्हीकडचा हॅश, म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघणारा ठसा, काढते.

```
certutil -hashfile F:\Designs\Hotel\hotel_patti_07.bmp SHA256
```

हीच आज्ञा D वरच्या फाइलला देऊन आलेली लांबलचक अक्षरं ताडून बघायची. एक बाइट जरी वेगळा असला तरी सगळी ओळ बदलते, त्यामुळे पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं जुळली की मला पुरतं.

प्रत्यक्ष कॉपीची आज्ञा पहिलीसारखीच, फक्त `/L` काढायचं आणि `/R:2 /W:5` घालायचं. हे दोन घातले नाहीत, तर न वाचता येणाऱ्या एका फाइलसाठी रोबोकॉपी ३० सेकंदांच्या अंतराने दहा लाख वेळा प्रयत्न करत बसते आणि आपल्याला वाटतं कॉम्प्युटर अडकला. शेवटच्या तक्त्यात `FAILED` च्या रकान्याखाली शून्य असेल तरच मी पुढे सरकते. डिस्क बहिणीकडे नेताना उन्हाळ्यात एक पथ्य पाळते. पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात बहुतेक वेळा ३५ अंशांपर्यंतच चालवा असं असतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर. स्कूटरच्या डिकीतून नेलेली डिस्क लगेच जोडायची नाही, घरात सावलीत निवू द्यायची.

पासवर्डचं काम याहून लवकर आटोपतं, कारण मी दर महिन्याला सगळे पासवर्ड बदलत नाही. पूर्वी तसा सल्ला सगळीकडे मिळायचा. पण अमेरिकेच्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, एनआयएसटीने, २०१७ च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं की कारण नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका. माणसं मग शेवटचा आकडा तेवढा बदलतात, आणि जुना पासवर्ड ज्याच्या हाती आहे त्याला नवा ओळखायला वेळ लागत नाही. काही बँका आजही ठरावीक दिवसांनी बदलायला लावतातच, तिथे बदलावा लागतो. बाकी ठिकाणी कारण असेल तरच.

कारणं माझ्यापुरती तीन. पासवर्ड कुठल्या तरी चोरीच्या यादीत सापडला, तोच पासवर्ड दोन ठिकाणी वापरला गेला, किंवा तो माहीत असलेला माणूस काम सोडून गेला. पहिली दोन क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमधलं चेकअप दाखवतं. ईमेल पत्ता कुठल्या फुटलेल्या साइटच्या यादीत आहे का, हे ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पॉन्ड’ या साइटवर बघता येतं. तिथे पासवर्ड तपासायचीही सोय आहे आणि ती विचारपूर्वक केलेली आहे. तुमचा पासवर्ड तिकडे जातच नाही, त्याच्या हॅशची पहिली पाच अक्षरं तेवढी जातात आणि जुळवणी तुमच्याच कॉम्प्युटरवर होते. तिसऱ्या कारणासाठी मी वहीत लिहून ठेवते की कुठलं खातं कोण कोण वापरतं. पासवर्ड वहीत नसतो, फक्त नावं असतात.

सगळ्यात आधी ईमेलचं खातं बघते. बाकी सगळ्या खात्यांचं ‘पासवर्ड विसरलात?’ तिथेच येऊन पडतं. त्यात एक गोष्ट लोक सहसा बघत नाहीत, ती म्हणजे रिकव्हरीसाठी दिलेला मोबाइल नंबर. आमच्या ऑफिसच्या जुन्या खात्याला माझ्या मेहुण्यांचा बंद झालेला नंबर लावलेला होता. भारतात बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो. म्हणजे आपल्या खात्याच्या दाराची किल्ली अनोळखी माणसाच्या खिशात. दर महिन्याला तो नंबर चालू आहे ना आणि आपल्याच घरातला आहे ना, एवढं नजरेखालून घालते. गूगल दोन टप्प्यांच्या पडताळणीसाठी दहा बॅकअप कोड देतं. ते छापून बँकेच्या कागदांसोबत ठेवले आहेत. एक कोड एकदाच चालतो, म्हणून वापरला की त्यावर रेघ मारते.

मग उरतं पुसणं. डिझाइनं मी सहसा पुसत नाहीच, ती मुळात लहान असतात. जागा खातात ते पार्टीने पाठवलेले व्हिडिओ, एकाच कॅटलॉगच्या चार-चार प्रती आणि फोनमधलं व्हॉट्सअॅप. व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये मॅनेज स्टोरेजला गेलं की ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल्स वेगळ्या दिसतात. तिथून खाली येत जाते. मात्र रंगाला किंवा मापाला पार्टीने दिलेली मंजुरी ज्या चॅटमध्ये आहे, ते चॅट आधी एक्सपोर्ट करून त्या ऑर्डरच्या फोल्डरमध्ये टाकते. भांडण झालं तर तोच पुरावा.

डाउनलोड्सचा फोल्डर मात्र जागेसाठी साफ करत नाही. तिथे लोकांची कागदपत्रं पडलेली असतात, म्हणून तो रिकामा करायचा. कामगारांच्या बँक खात्यांसाठी मागवलेल्या आधारच्या पीडीएफ, पॅनची चित्रं, कुणाचं तरी पासबुक. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, त्यामुळे ती पडून राहिली तरी काय होतंय, असं भाचा म्हणाला होता. “मावशी, ती उघडणारच नाही कुणाला.” तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्माचं वर्ष. नाव बहुतेक वेळा फाइललाच दिलेलं असतं, राहिलं वर्ष. काम संपलं की ती फाइल जाते, आणि व्हॉट्सअॅपवरून आली असेल तर तिथूनही जाते. ती ज्या डिस्कवर गेली असेल तिथूनही पुसते. म्हणूनच डाउनलोड्सचा फोल्डर बॅकअपच्या आज्ञेत घेतच नाही.

बिलं आणि हिशोब याला उलट नियम. जीएसटीच्या कायद्यानुसार हिशोबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. २०२२-२३ चं घेतलं तर ती तारीख ३१ डिसेंबर २०२३ होती, म्हणजे ते फोल्डर ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत हलवायचं नाही. कुठली नोटीस किंवा अपील चालू असेल तर त्याहूनही जास्त. प्रत्येक वर्षाच्या फोल्डरच्या नावातच मी ही तारीख घालून ठेवली आहे, `FY2022-23_thev_2029-12-31` अशी, म्हणजे ऐन वेळी कुणाला आठवत बसायला नको.

कॉम्प्युटरवरून पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जातं आणि ते बिन मी त्या दिवशी रिकामं करत नाही. त्यात लोकांची कागदपत्रं असतील तर तेवढीच लगेच कायमची काढते. बाकीचं पुढच्या महिन्यात दुसरी डिस्क जोडून, तिच्यावरची यादी वाचून, प्रत्येक `*EXTRA File` चं उत्तर मिळाल्यावर.